कर्जाचा विमा नेमका कोणाचा?

तिरोडा तालुक्यात मायक्रो फायनान्सचे कर्ज घेतलेल्या बाईला विचारा, तर हातात पैसे पडण्याआधी 'विम्याचे' किती कापले हे ती सहसा रुपयानिशी सांगते. पण विमा किती रकमेचा, तिच्या एकटीच्या जिवाचा की नवऱ्याच्याही, आणि कोणी गेले तर पैसे घरी येणार की कंपनीच्या खात्यात जाणार, हे विचारले की ती 'साहेबांना माहीत' म्हणते. केंद्र बैठकीला येणाऱ्या साहेबांनाही ते नेहमी माहीत असते असे नाही. हे सारे ठरते कर्ज देणाऱ्या संस्थेने विमा कंपनीला लिहिलेल्या एका पत्रात. पत्र बहुधा इंग्रजीत असते. त्याला कर्जदारांची यादी जोडलेली असते आणि प्रीमियम कोणत्या हिशेबाने भरणार तेही लिहिलेले असते. त्यावर दोन सह्या होतात. जिच्या जिवाचा विमा, तिची सही त्यावर नसते.

अशी यादी जोडून पत्र पाठवायची रीत आपल्याकडे नवी नाही. एलआयसीची जनश्री बिमा योजना २००० साली आली, तेव्हा नोडल संस्था किमान २५ जणांचा गट करून असेच अर्ज पाठवत. वर्षाला माणशी २०० रुपये प्रीमियम असे. त्यातले निम्मे सरकारच्या सामाजिक सुरक्षा निधीतून येत आणि पुढे विम्याची रक्कम ३० हजार झाली. ज्या व्यवसायांसाठी ती योजना होती त्यात विडी कामगार होते, म्हणजे भंडारा-गोंदियाकडची बरीच घरे त्यात बसत. त्या योजनेत पैसे वारसाला मिळत. मधल्या संस्थेचे काम यादी पाठवणे आणि दाव्याचे कागद पुढे सरकवणे, एवढेच. तिला त्या पैशांतून काही येणे नसे.

कर्जाशी जोडलेल्या विम्यात हेच बदलले. यादी पाठवणारी संस्थाच सावकार झाली आणि विम्याच्या रकमेवर तिचा पहिला हक्क आला. २०१० साली आंध्र प्रदेशातले मायक्रो फायनान्सचे संकट झाले. मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने नियम केला की अशा संस्थांनी कर्जदाराकडून व्याज, प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा प्रीमियम या तीनच गोष्टी घ्याव्यात, आणि प्रीमियम प्रत्यक्ष खर्चाइतकाच घ्यावा. व्याज आणि शुल्क यांना मर्यादा घातली की उरलेल्या तिसऱ्या खात्याकडे लक्ष जाणार, हे ओळखूनच ती अट होती. २०२२ च्या नव्या निर्देशांनी व्याजाची मर्यादा काढली. दर संस्थेच्या संचालक मंडळाने धोरण करून ठरवायचा, असे झाले. विम्यावरचा डोळा मात्र नियामकाने काढला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जांच्या मुख्य तथ्य विवरणात विम्यासारखे तिसऱ्याला द्यायचे पैसेही वार्षिक एकूण दरात धरावे लागतात आणि त्याची पावती कर्जदाराला द्यावी लागते.

पत्रातली सर्वांत वजनदार ओळ म्हणजे विमा रक्कम कशी मोजायची ती. दोन रीती आहेत. एकीत कर्जाची मूळ रक्कम मुदतभर तशीच राहते. दुसरीत कर्ज फिटत जाते तशी विमा रक्कमही घटत जाते. कागदावर फरक दोन शब्दांचा आहे, म्हणून हिशेब करून पाहू.

समजा तिरोड्याजवळच्या एका गावात शेळ्यांसाठी ५० हजारांचे कर्ज घेतले. मुदत २४ महिने, व्याज घटत्या शिलकीवर वर्षाला २४ टक्के. महिन्याचा हप्ता २,६४४ रुपये पडतो. चौदा हप्ते भरले आणि कर्जदार गेली. त्या दिवशी मुद्दल बाकी आहे सुमारे २३,७४६ रुपये. घटता विमा असेल तर विमा कंपनी ही रक्कम संस्थेला देईल, कर्ज मिटेल, घरी काही येणार नाही. पूर्ण रकमेचा असेल तर ५० हजारांतून बाकी वळती होऊन सुमारे २६,२५४ रुपये वारसाला मिळतील. तेरवी होऊन पुढचा हंगाम उभा राहीपर्यंत त्या पैशांचा आधार होतो.

घटता विमा वाईट असे मी म्हणत नाही. तो स्वस्त असला पाहिजे, एवढेच. वरच्या कर्जात २४ महिन्यांच्या शिलकींची सरासरी काढली तर ती सुमारे २८ हजार येते, म्हणजे मूळ कर्जाच्या ५६ टक्के. विमा कंपनीची जोखीमही तेवढीच. म्हणून पूर्ण रकमेच्या विम्याला दोन वर्षांचे ४०० रुपये लागत असतील, तर घटत्याला सव्वादोनशेच्या आसपास लागायला हवेत. विमा घटता आणि प्रीमियम पूर्ण रकमेवर, असे पत्र दिसले की समजावे, कर्जदार न मिळणाऱ्या संरक्षणाचे पैसे भरते आहे. हे ओळखायला विमाशास्त्र लागत नाही. पत्रात 'दर हजारी' हे शब्द कोणत्या हजाराबद्दल आहेत, कर्जाच्या की बाकीच्या, एवढे विचारले तरी पुरते.

आता तो दर कसा येतो ते पाहू. गट विम्यात प्रत्येकीचे वय पाहून वेगळा दर लावत नाहीत. वयांची गोळाबेरीज करून सगळ्यांना एकच सरासरी दर देतात. भारतीय विमेदारांचे २०१२-१४ चे मृत्युमान कोष्टक पाहिले तर पस्तिशीत वर्षाला हजारी सव्वाच्या आसपास मृत्यू धरलेले आहेत, तर पन्नाशीत साडेचारच्या जवळ. ते कोष्टक पॉलिसी घेणाऱ्यांचे आहे, धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात राबणाऱ्यांचे नव्हे. म्हणून कंपन्या ग्रामीण गटाला वर भार लावतात, त्यावर खर्च आणि नफा धरतात. यादीत पन्नाशीच्या पुढच्या बाया किती आणि नवरे किती, यावर दर वरखाली होतो. कर्ज बाईच्या नावावर असले तरी घराचा मोठा धोका नवऱ्याच्या जाण्यात असतो. मृत्युमान पुरुषांचे जास्त आणि वयानेही तो मोठा. म्हणून पतीचाही विमा असावा हे योग्यच आहे, पण पत्रात 'सहकर्जदार' लिहिले आहे की 'पती', हे पाहावे. कर्जावर मुलाची सही सहकर्जदार म्हणून असेल, तर पहिल्या शब्दाने मुलाचा विमा होतो, पतीचा नाही.

दर योग्य आहे की नाही हे कळायला संस्थेकडे एक साधन असते: मागच्या तीन वर्षांचा अनुभव. किती जीव विम्यात होते, किती गेले, किती प्रीमियम भरला, किती दावे मिळाले. पुन्हा समजा, एका शाखेत १,२०० कर्जदार आहेत, पती धरून २,४०० जीव, प्रत्येकी ५० हजारांचा विमा, दर हजारी वर्षाला ४ रुपये. वर्षाचा प्रीमियम झाला ४ लाख ८० हजार. हजारी तीन मृत्यू धरले तर वर्षात सातेक दावे, पूर्ण रकमेने सुमारे ३ लाख ६० हजारांचे. प्रीमियममधले रुपयाला पंचाहत्तर पैसे परत गेले, हे ठीकच म्हणायचे. तोच प्रीमियम घेऊन विमा घटता ठेवला, तर दावे दोन लाखांवर येतात आणि परत जातात बेचाळीस पैसे. उरलेले अठ्ठावन्न पैसे कुठे जातात हा प्रश्न पत्र लिहिणाऱ्याने स्वतःलाही विचारावा. संस्था नोंदणीकृत कॉर्पोरेट एजंट असेल, तर त्यातला काही भाग कमिशन म्हणून तिच्याकडेच येतो. नुसती मास्टर पॉलिसीधारक असेल, तर तिला असे काही घेता येत नाही.

तुलनेला एक मापही घरात आहे. प्रधानमंत्री जीवनज्योती बिमा योजनेत ४३६ रुपयांत वर्षाला दोन लाखांचा विमा मिळतो, म्हणजे हजारी २ रुपये १८ पैसे, आणि पैसे सरळ वारसाला. २०२२ पर्यंत हा दर ३३० रुपये होता. दाव्यांचा अनुभव जड गेला म्हणून तो वाढवला. या योजनेत अठरा ते पन्नास वयाची बँक खातेदार बसते. कर्जाच्या विम्याचा दर याच्या दुप्पट असेल, तर पत्रात त्याचे कारण असले पाहिजे. कराचाही प्रश्न आहे. गट विम्यावर जीएसटी लागतो, पण दोन लाखांपर्यंतच्या, विमा नियामकाने सूक्ष्म विमा म्हणून मान्य केलेल्या जीवन विम्याला सूट आहे. म्हणून कोणत्या उत्पादनाखाली पॉलिसी मागतो आहोत, हे पत्रात नावानिशी लिहायचे. ती एक ओळ राहिली तर नवराबायकोच्या ८०० रुपयांच्या प्रीमियमवर १८ टक्क्यांनी १४४ रुपये आणखी जातात.

सगळ्यांत मोठा पेच मात्र सक्तीचा आहे. २०२२ च्या निर्देशांनुसार कर्जाबरोबर दिले जाणारे कर्जाव्यतिरिक्तचे काहीही कर्जदाराच्या पूर्ण संमतीने द्यायचे आणि त्याचे शुल्क कर्ज कार्डावर, तिला समजणाऱ्या भाषेत लिहायचे. दुसरीकडे विमा कंपनी वैद्यकीय तपासणीशिवाय एकच स्वस्त दर देते तो सगळे गटात येतील या भरवशावर. निवड खुली ठेवली तर आजारी माणूस विमा घेतो, धडधाकट घेत नाही आणि दर चढतो. म्हणून संस्थांच्या पत्रांत 'सर्व कर्जदारांना अनिवार्य' हे शब्द येतात आणि कर्ज कार्डावर त्याच विम्यासमोर 'ऐच्छिक' लिहिलेले असते. एकाच विम्याबद्दलची ही दोन विधाने दोन नियामकांपुढे ठेवायची वेळ आली, की अडचण होते.

यातून काही रस्ते निघतात. कर्जदाराला नकाराचा चौकोन खरोखर द्यायचा आणि विमा कंपनीकडून किमान सहभागाचे प्रमाण ठरवून घ्यायचे, म्हणजे अमुक टक्के कर्जदार येतील तोवर हाच दर. किंवा संस्थेने प्रीमियम स्वतःच्या खर्चात धरायचा, मग संमतीचा प्रश्न बराच सुटतो, पण व्याजदर तेवढा वाढून दिसतो. संस्थांना हे आवडत नाही, कारण जाहिरातीत व्याजदर दिसतो, प्रीमियम दिसत नाही. माझ्या मते दुसरा रस्ता अधिक सरळ आहे.

याच पेचात आरोग्याची घोषणा अडकते. कर्जाच्या फॉर्ममध्ये खाली एक ओळ असते: मला कोणताही गंभीर आजार नाही. बाई सही करते, तिच्यापुढे ती ओळ कोणी वाचत नाही. गोंदिया-गडचिरोली पट्ट्यात सिकलसेल आहे. अनेक घरांत त्याची लाल-पिवळी कार्डे आहेत. वाहक असणे आणि आजारी असणे यात फार फरक आहे, आणि वाहक सहसा सामान्य आयुष्य जगतो. घोषणेच्या ओळीत हा फरक नसेल तर दावा आला की त्याच ओळीवर बोट ठेवले जाते. लहान रकमेच्या गट विम्यात ठरावीक रकमेपर्यंत आरोग्याचा प्रश्नच न विचारण्याची मुभा मागता येते. पत्र लिहिणाऱ्याने ती मागावी. नाही मिळाली तर निदान सिकलसेल वाहकाबद्दल स्पष्ट वाक्य घालून घ्यावे.

आता यादी. एका ओळीत सहसा इतके असते: कर्ज क्रमांक, नाव, जन्मतारीख, पतीचे नाव आणि त्याची जन्मतारीख, कर्जवाटपाची तारीख, रक्कम, मुदत, विमा रक्कम, प्रीमियम, वारस आणि नाते. ही यादी ईमेलने पाठवताना आधारचे पूर्ण आकडे जाऊ नयेत, शेवटचे चार पुरतात. कटकट होते ती तारखांत. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाने प्रीमियम हाती येण्याआधी किंवा त्याची हमी मिळण्याआधी विमा कंपनीला जोखीम घेता येत नाही. कर्ज ३ जुलैला वाटले, बाईकडून प्रीमियम त्याच दिवशी कापला, यादी आणि पैसे ३१ जुलैला गेले. मधल्या अठ्ठावीस दिवसांत रोवणी चालू असते, बांधावर साप निघतात, विजा पडतात. १९ तारखेला मृत्यू झाला, तर बाईने पैसे दिले होते आणि तरी विमा नव्हता. यावर उपाय जुना आणि सोपा आहे. विमा कंपनीकडे संस्थेने आगाऊ अनामत खाते ठेवायचे आणि पत्रात लिहून घ्यायचे की खात्यात शिल्लक आहे तोवर विमा कर्जवाटपाच्या क्षणापासून सुरू, यादी मागाहून आली तरी. त्या खात्यातली शिल्लक कधी संपते ते पाहणारा माणूस मुख्य कार्यालयात हवा. महिन्याचे शेवटचे चार दिवस वाटप सगळ्यांत जास्त असते आणि शिल्लक तेव्हाच संपते.

जन्मतारखांचे वेगळेच. अनेक बायांच्या कागदांवर १ जानेवारी असते, कारण जन्मतारीख माहीत नव्हती आणि वर्ष अंदाजाने घातले. मतदार ओळखपत्रावर एक वय, आधारवर दुसरे. विमा संपताना वय साठच्या आत हवे अशी अट असेल आणि एकोणसाठाव्या वर्षी दोन वर्षांचे कर्ज दिले, तर संस्थेची प्रणाली प्रीमियम कापते आणि विमा कंपनीची प्रणाली ती ओळ नाकारते. नाकारलेल्या ओळी परत येतात त्या एका वेगळ्या फाइलमध्ये. ती फाइल उघडली गेली नाही तर ही गोष्ट मृत्यूनंतरच कळते, आणि मग दाव्याऐवजी प्रीमियमचा परतावा येतो. म्हणून दर महिन्याला तीन आकडे शेजारी ठेवायचे: किती कर्जे वाटली, किती जणींकडून प्रीमियम घेतला, किती विमा प्रमाणपत्रांचे क्रमांक परत आले. तिन्हींत फरक दिसला तर तो नावानिशी शोधायचा. हे प्रमाणपत्र प्रत्येक सदस्याला द्यावेच लागते, शाखेच्या कपाटात राहिले तर कोणाच्या कामाचे नाही.

मृत्यूनंतर काय होते, तेही पत्रात आधी लिहिलेले असावे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्था आणि विमा नियामकाने नाव घेतलेल्या काही मोजक्या प्रकारच्या संस्थांनाच कर्जाची बाकी विम्यातून थेट घेता येते, तीही सदस्याने तसे लेखी अधिकारपत्र दिले असेल तर. बाकी किती होती याचे खाते विवरण संस्थेने प्रमाणित करून द्यायचे आणि वरची रक्कम वारसाच्या बँक खात्यात जायची. वाद होतो तो या विवरणात. बाकी मृत्यूच्या दिवशीची धरायची की दावा मंजूर होण्याच्या दिवशीची? मधल्या दोन महिन्यांचे व्याज आणि दंड त्यात घातला, तर वारसाचा हिस्सा तेवढा घटतो. पत्रात 'मृत्यूच्या तारखेची मुद्दल बाकी' असे स्वच्छ लिहिले की हा वाद उरत नाही.

कुटुंबाला सगळ्यांत जाचते ते हप्त्याचे. दावा पुण्या-मुंबईत विचाराधीन आणि इकडे पुढच्या मंगळवारी केंद्र बैठकीत हप्ता मागितला जातो. घर भरू शकत नाही, मग गटातल्या बाकीच्या बाया वर्गणी काढतात. नंतर दावा मिळाला की ते पैसे कोणाला परत करायचे, यावरून गट मोडतात. पत्रात एक कलम असावे: मृत्यूची खबर शाखेला मिळाल्या दिवसापासून त्या खात्यावर हप्ता मागायचा नाही, आणि त्यानंतर कोणी भरला असेल तर तो भरणाऱ्यालाच परत. विमा कंपनीला याचे काही देणेघेणे नाही. तरी ते याच पत्रात असावे असे मला वाटते, कारण शाखेतला माणूस दाव्याचे कागद जमवताना हेच पत्र उघडतो. त्या कागदांत मृत्यूचा दाखला पहिला. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांत केली तर शुल्क लागत नाही. सर्पदंश, वीज, अपघात असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवालही लागतो. घाईत अंत्यसंस्कार झाला तर तो नंतर मिळत नाही, हे केंद्र बैठकीत आधीच सांगायला हवे. कागद पुरे असतील आणि चौकशीची गरज नसेल, तर विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाने विमा कंपनीला पंधरा दिवसांत दावा द्यावा लागतो, चौकशी असेल तर पंचेचाळीस दिवसांत.

विमा कंपनीच नको, असा विचारही महाराष्ट्रात झाला आहे. पुण्यात मेधा पुरव-सामंत यांच्या अन्नपूर्णा परिवाराने कर्जदार सदस्यांचा परस्पर सहकार्याचा निधी उभा केला. सदस्यांचे पैसे, सदस्यांचे नियम आणि दाव्याचा निर्णयही जवळच. झोपडपट्टीतल्या दाट वस्तीत, जिथे सदस्य एकमेकींना ओळखतात, तिथे हे चालते. तिरोड्यासारख्या ठिकाणी अडचण आकाराची आहे. एखाद्या शाखेच्या बाराशे कर्जदारांत एका वर्षी चार मृत्यू होतील, दुसऱ्या वर्षी चौदा. मोठ्या निधीला ही वरखाल झेपते, छोट्याला तीच बुडवते. म्हणून एकट्या शाखेने किंवा छोट्या संस्थेने विमा कंपनीच गाठावी. पण अनुभवाची आकडेवारी आपल्याकडे ठेवावी, आणि वर्षअखेर दावे कमी आले असतील तर पुढच्या वर्षीचा दर खाली यावा, हे त्याच पत्रात मागून ठेवावे.

एक बाब अनेक पत्रांतून सुटते. कर्ज मुदतीआधी फेडून दुसरे मोठे कर्ज घेणे इकडे सर्रास चालते. जुन्या कर्जाचा एकरकमी भरलेला विमा अजून दहा महिने बाकी असतो आणि नव्या कर्जावर नवा प्रीमियम कापला जातो. जुन्याचे काय करायचे, तो वारसाच्या नावे चालू ठेवायचा की उरलेल्या महिन्यांचा प्रीमियम परत द्यायचा, हे सदस्याला विचारले पाहिजे. नव्या कर्जाला पुन्हा पहिल्या तीस किंवा पंचेचाळीस दिवसांचा थांबा लावू नये, तेही लिहून घ्यावे, कारण ती बाई विम्यात नवी आलेली नसते. दावा नाकारला गेला तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथे महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. गोंदिया जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, पण अर्जासोबत विमा प्रमाणपत्राचा क्रमांक लागतो.